एक बातमी, तीन वाचक: वयानुसार सूर कसा बदलायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लहान मुलांसाठी, किशोरांसाठी किंवा आजी-आजोबांसाठी बातम्या लिहिणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं एकाच बातमीवर बेतलेली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागणार नाही.

१. एकच बातमी तीनदा कशाला लिहायची? एकदाच सोपी करून लिहिली तर सगळ्यांनाच कळेल ना?

कळेल, पण तिघांपैकी दोघांना ती आपल्यासाठी लिहिलेली वाटणार नाही. आठ वर्षांच्या मुलाला लघुग्रह म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं. पंधरा वर्षांच्या मुलीला तेच सांगत बसलात तर ती पुढे वाचत नाही. तिला ‘हे कशावरून?’ याचं उत्तर हवं असतं. पंचाहत्तरीच्या आजींनी आयुष्यभर वर्तमानपत्र वाचलेलं असतं. लांब वाक्य त्यांना जड जात नाही, त्या अडतात एखाद्या नव्या नावापाशी. तिघांची अडण्याची जागाच वेगवेगळी असल्यामुळे ‘सोपं करा’ हा एकच सल्ला तिन्हीकडे चालत नाही.

२. उदाहरणासाठी कोणती बातमी घेतली आहे?

नासाने ११ ऑक्टोबर २०२२ रोजी जाहीर केलेली. वर्तमानपत्री भाषेत ती साधारण अशी होईल:

> नासाच्या ‘डार्ट’ यानाने २६ सप्टेंबर २०२२ रोजी डायमॉर्फस या लघुग्रहावर जाणीवपूर्वक धडक दिल्यानंतर त्याच्या कक्षेत बदल झाल्याचे दुर्बिणींच्या निरीक्षणांतून निश्चित झाले आहे. सुमारे १६० मीटर व्यासाचा डायमॉर्फस हा डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. या प्रदक्षिणेस पूर्वी ११ तास ५५ मिनिटे लागत. आता ११ तास २३ मिनिटे लागतात. ३२ मिनिटांच्या या मोजणीत दोन मिनिटांपर्यंत फरक असू शकतो. किमान ७३ सेकंदांचा बदल झाल्यास मोहीम यशस्वी मानण्याचे आधीच ठरवण्यात आले होते. या दोन्ही लघुग्रहांपासून पृथ्वीला धोका नाही, असे नासाने स्पष्ट केले आहे.

ही बातमी निवडण्याचं कारण म्हणजे तिच्यात तिन्ही वयांची कसोटी लागते. ‘लघुग्रह’ आणि ‘धडक’ हे शब्द शेजारी आले की लहान मूल घाबरतं, मोजणीतला दोन मिनिटांचा फरक किशोराला खुणावतो, आणि डार्ट, डिडिमॉस, डायमॉर्फस ही तीन अनोळखी नावं ओळीने आली की आजोबा वैतागतात.

३. लिहायला बसण्याआधी काय करायचं?

एक टाचण करायचं आणि त्याचे दोन भाग पाडायचे. पहिल्या भागात तिन्ही मजकुरांत यायलाच हव्यात अशा गोष्टी. या बातमीत मला अशा पाच दिसतात: हे नासाने केलं, मुद्दाम केलं, तो प्रयोग होता, लघुग्रहाची प्रदक्षिणा आधीपेक्षा लवकर पूर्ण होऊ लागली, आणि पृथ्वीला या लघुग्रहांपासून धोका नव्हता व नाही. यातलं एकही वाक्य गळलं तर बातमी बदलते. ‘मुद्दाम’ गळलं तर अपघात वाटतो, ‘प्रयोग’ गळला तर पृथ्वी थोडक्यात वाचली असं वाटतं.

दुसऱ्या भागात बाकी सगळं, बातमीत नसलेली पण खात्रीची पार्श्वभूमीसुद्धा. यान जेमतेम पावणेसहाशे किलोचं होतं, ते सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने आदळलं, त्या वेळी लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटरवर होता. या भागातून प्रत्येक वाचकासाठी वेगळं उचलायचं. टाचण न करता थेट लिहायला घेतलं की आधी मोठ्यांची बातमी लिहिली जाते आणि मग तीच कापून मुलांची केली जाते. असं कापताना नेमकी पहिल्या भागातली वाक्यं जातात.

४. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी ही बातमी कशी लिहाल?

> नासाच्या शास्त्रज्ञांनी अवकाशात एक यान पाठवलं. त्याचं नाव डार्ट. ते यान एका प्रचंड मोठ्या दगडावर जाऊन आदळलं. चुकून नाही, मुद्दाम!
>
> हा दगड पन्नास मजली इमारतीएवढा आहे. त्याचं नाव डायमॉर्फस. तो पृथ्वीकडे येत नव्हता. त्याच्यापासून आपल्याला काहीच धोका नाही.
>
> मग त्याला धडक कशाला दिली? कधी एखादा दगड खरंच पृथ्वीकडे यायला लागला, तर त्याला बाजूला ढकलता येईल का, हे शास्त्रज्ञांना बघायचं होतं.
>
> डायमॉर्फस दुसऱ्या एका मोठ्या दगडाभोवती गोल फिरतो. आधी एक फेरी मारायला त्याला जवळजवळ बारा तास लागायचे. धडकेनंतर त्याची फेरी सुमारे अर्धा तास लवकर पूर्ण होते. म्हणजे दगड खरंच ढकलला गेला!
>
> यानात माणसं नव्हती. धडकेत ते मोडून गेलं. तसं होणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

शेवटचा परिच्छेद मूळ बातमीत नाही. पण मुलाला बातमी वाचून दाखवा, यान आदळलं म्हटल्यावर ते पहिल्यांदा विचारतं, ‘आत कोण होतं?’ हे उत्तर मिळेपर्यंत त्याचं पुढच्या वाक्यांकडे लक्ष नसतं. मजकूर आणखी कापावा लागला तर फेरीची वेळ थोडक्यात सांगा, पण हे वाक्य ठेवा.

वाक्यात एकच क्रिया आहे आणि कर्ता दिसतो आहे. ‘धडक देण्यात आली’, ‘ठरवण्यात आले होते’ या रचनांमध्ये कोणी केलं हेच गायब होतं. मोठ्यांना ते संदर्भाने कळतं, मुलाला नाही. डिडिमॉस हे नाव मी वगळलं, कारण दोन सारखी वाटणारी नावं आली की कोण कोणाभोवती फिरतं यात मुलाचा गोंधळ होतो.

५. पंधरा वर्षांच्या वाचकासाठी?

> अवकाशातल्या एखाद्या खगोलाचा मार्ग माणूस बदलू शकतो का? नासाने २६ सप्टेंबर २०२२ रोजी ते करून पाहिलं. पावणेसहाशे किलोचं डार्ट यान सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आलं. डायमॉर्फस १६० मीटर रुंद आहे. त्याच्यापुढे हे यान अगदीच किरकोळ होतं.
>
> तरी परिणाम झाला. डायमॉर्फस हा डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. आधी एका फेरीला ११ तास ५५ मिनिटं लागायची, आता ११ तास २३ मिनिटं लागतात.
>
> इतक्या दूरवरची फेरी मोजली कशी? दुर्बिणीतून हे दोन खडक वेगळे दिसत नाहीत, एकच ठिपका दिसतो. पण एक खडक दुसऱ्याच्या आड गेला की त्या ठिपक्याचा प्रकाश किंचित मंदावतो. असा प्रकाश किती वेळाने मंदावतो हे मोजलं, की फेरीचा वेळ मिळतो. या मोजणीत दोन मिनिटं इकडेतिकडे होऊ शकतात. पण यश मानायला ७३ सेकंदांचा फरकही पुरेसा होता, त्यामुळे प्रयोग जमला यात शंका उरत नाही.
>
> पृथ्वीला या दोन्ही लघुग्रहांपासून धोका नव्हता. म्हणूनच प्रयोगासाठी ते निवडता आले.

इथे सगळ्यात जास्त जागा मोजणीला गेली आहे. या वयात ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ एवढ्यावर समाधान होत नाही आणि होऊही नये. ‘दोन मिनिटं इकडेतिकडे’ हे वाक्य मुलांच्या मजकुरात नाही, इथे मात्र ते काढलं तर बातमी जाहिरातीसारखी वाटते. अनिश्चितता कबूल केली की उलट या वाचकाचा विश्वास बसतो.

६. आणि आजी-आजोबांसाठी?

> पृथ्वीच्या दिशेने येणारा लघुग्रह वाटेतच वळवता येईल का, याचा पहिला प्रत्यक्ष प्रयोग यशस्वी झाला आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेने तो केला. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, ती मोहीमही याच संस्थेची होती.
>
> लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे लहान-मोठे खडक. यांतील दोन खडक जोडीने फिरतात आणि धाकटा थोरल्याभोवती प्रदक्षिणा घालतो. धाकट्याला डायमॉर्फस असे नाव आहे. नासाने २६ सप्टेंबर २०२२ रोजी एक मानवरहित यान या धाकट्या खडकावर मुद्दाम आदळवले. त्या वेळी तो पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या पंचवीस पटींहून अधिक दूर होता.
>
> धडकेपूर्वी त्याच्या एका प्रदक्षिणेला ११ तास ५५ मिनिटे लागत. आता ती सुमारे ३२ मिनिटे लवकर पूर्ण होते. याचा अर्थ लघुग्रहाची वाट बदलणे माणसाला शक्य आहे. या दोन्ही खडकांपासून पृथ्वीला कोणताही धोका नव्हता आणि आजही नाही. भविष्यात तशी वेळ आलीच तर काय करता येईल, याची ही चाचणी होती.

हा मजकूर मुलांच्या मजकुरापेक्षा अवघड आहे आणि तो तसाच असायला हवा. पहिल्याच वाक्यात बातमीचा निष्कर्ष आहे, कारण वर्षानुवर्षं वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तीच सवय असते. ‘झालं’, ‘केलं’ऐवजी ‘झाले’, ‘केले’ अशी छापील रूपं त्याच कारणाने ठेवली आहेत.

१९६९ चा उल्लेख आठवणींना हात घालण्यासाठी नाही. आज पंचाहत्तरीत असलेल्या व्यक्तीने चंद्रावरच्या त्या मोहिमेची बातमी तरुणपणी ऐकलेली असते. तिच्या आधाराने नवी बातमी कुठे बसते हे पटकन कळतं. चंद्राचं अंतरही तसंच. एक कोटी दहा लाख हा नुसता आकडा डोळ्यासमोर उभा राहत नाही, चंद्राच्या हिशेबात तो उभा राहतो.

७. वयस्कर वाचकांसाठी वाक्यं छोटी छोटी करावीत असं सगळे सांगतात. ते चूक आहे का?

वाक्य छोटं करण्यापेक्षा सरळ करणं महत्त्वाचं. मानसशास्त्रज्ञ सुझन केम्पर यांनी वयस्करांशी बोलण्याच्या पद्धतीवर बरंच काम केलं. त्यात दिसलं, की वाक्यात वाक्य गुंफणं टाळलं आणि अर्थ थोडा फोड करून सांगितला तर वयस्करांना समजायला मदत होते. नुसती वाक्यं तोडून, हळू आणि वरच्या पट्टीत बोलल्याने तशी मदत होत नाही. हे संशोधन बोलण्यावरचं आहे, पण लिहिताना मला ते तंतोतंत उपयोगी पडतं.

मराठीत गुंतागुंत बहुतेक वेळा नामाच्या आधी साचते. ‘नासाने मुद्दाम धडकवलेल्या यानामुळे कक्षा बदललेल्या लघुग्रहाची प्रदक्षिणा लवकर पूर्ण होऊ लागली’ या वाक्यात वाचकाला लघुग्रहापर्यंत पोहोचेस्तोवर सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. ‘नासाने लघुग्रहावर मुद्दाम यान धडकवले, त्यामुळे त्याची कक्षा बदलली आणि प्रदक्षिणा लवकर पूर्ण होऊ लागली’ हे वाक्य लांबीला कमी नाही, पण वाचताना पुढे पुढे जाता येतं.

‘आजोबा, घाबरू नका हं’, ‘चला तर मग समजून घेऊया’ असला लाडिक सूर मात्र कटाक्षाने टाळा. ज्यांनी घर, नोकरी, आजारपणं निभावली त्यांच्याशी असं बोलणं हा अपमान आहे आणि तो त्यांना बरोबर कळतो.

८. वाचकाला ‘तू’ म्हणायचं, ‘तुम्ही’ की ‘आपण’?

मुलाला ‘तू’, आजी-आजोबांना ‘तुम्ही’, आणि किशोराला शक्यतो संबोधनच नाही. किशोराला ‘तू’ म्हटलं तर लहान समजल्यासारखं होतं आणि ‘तुम्ही’ शाळेतल्या भाषणासारखं वाटतं. वरच्या किशोर मजकुरात वाचकाला थेट उद्देशून एकही वाक्य नाही, तरी तो कोरडा वाटत नाही, कारण प्रश्न त्याच्या मनातले आहेत. ‘आपण’ वापरताना जपा. आदरार्थी ‘आपण’ आणि सगळ्यांना धरून घेणारं ‘आपण’ एकाच मजकुरात मिसळलं की वाचक अडखळतो.

९. किशोरांसाठी त्यांची बोलीभाषा, त्यांचे नवे शब्द वापरावेत का?

नको. ते शब्द झपाट्याने जुने होतात, आणि मोठ्या माणसाने ते वापरले की वाचकाला त्यातला आव लगेच दिसतो. किशोराला जवळचं वाटतं ते ‘कशावरून’चं उत्तर. त्याबद्दल प्रश्न ५ मध्ये लिहिलं आहे.

१०. मूल घाबरेल अशी बातमी असेल तर भीतीचा भाग गाळावा का?

गाळू नये, त्याची जागा बदलावी. मूळ बातमीत ‘पृथ्वीला धोका नाही’ हे शेवटचं वाक्य आहे. मोठा माणूस तिथपर्यंत शांतपणे पोहोचतो. मुलाच्या मनात मात्र ‘दगड’ आणि ‘आदळलं’ हे शब्द येताच भीती सुरू होते, म्हणून वरच्या मजकुरात ते वाक्य दुसऱ्याच परिच्छेदात आणलं आहे.

दिलासा देताना जास्तीचं आश्वासन देण्याचा मोह होतो. ‘आता कुठलाच दगड पृथ्वीवर कधीच आदळणार नाही’ असं लिहिलं तर ते खोटं आहे. नासाने या दोन लघुग्रहांबद्दल सांगितलं आहे, सगळ्या लघुग्रहांबद्दल नाही. मूल मोठं झाल्यावर त्याला खरं कळतं आणि आपण दिलेल्या दिलाशावरचा विश्वास उडतो. गाळणं आणि लपवणं यातला फरक मी असा धरतो: न सांगितलेली गोष्ट मुलाने उद्या विचारली तर आज लिहिलेलं एकही वाक्य मागे घ्यावं लागता कामा नये.

११. उपमा किती वापराव्यात?

मुलांच्या मजकुरात एक पुरते, आणि ती आकारासाठी असेल तर सगळ्यात सुरक्षित. १६० मीटर म्हणजे साधारण पन्नास मजले, हा हिशेब तपासता येतो. क्रियेसाठी दिलेली उपमा नडते. चेंडू चेंडूवर आपटल्यासारखी धडक झाली असं लिहिलं, तर डायमॉर्फसला मिळालेला सगळा रेटा यानाचाच होता असं चित्र तयार होतं. प्रत्यक्षात धडकेने प्रचंड प्रमाणात खडक आणि धूळ मागे उडाली, आणि ती उडताना बसलेला उलटा रेटा यानाच्या स्वतःच्या रेट्याहून जास्त होता, असं नंतरच्या अभ्यासातून दिसलं. किशोराला हे सरळ सांगता येतं, त्याला चेंडूची गरज नाही.

१२. आजोबा निवृत्त अभियंता असतील तर? किंवा आठ वर्षांच्या मुलीला ग्रह-ताऱ्यांचं वेड असेल तर?

हा प्रश्न फार येतो आणि तो रास्त आहे. वयावरून सूर ठरतो, खोली ठरते ती वाचकाला आधीपासून काय माहीत आहे त्यावरून. अभियंता आजोबांसाठी प्रश्न ६ मधली भाषा ठेवा आणि तिच्यात प्रश्न ५ मधली माहिती घाला: ‘एक खडक दुसऱ्याआड गेला की एकत्रित प्रकाश किंचित मंदावतो, त्या अंतरांवरून प्रदक्षिणेचा काळ काढण्यात आला.’ मुलीसाठी डिडिमॉसचं नाव आणा, ‘लघुग्रह’ हा शब्द वापरा, वेगही सांगा. पण धोका नाही हे वाक्य वरच राहू द्या. लघुग्रहांची नावं पाठ असलेलं मूलसुद्धा रात्री आठ वर्षांचंच असतं.

१३. एकाच घरात नात आणि आजी मिळून वाचणार असतील तर कोणता मजकूर द्यावा?

मुलांचा द्या आणि त्याखाली आजींचा. मधला एखादा मजकूर लिहू नका, तो दोघींनाही बसत नाही. आजी वाचून दाखवणार असतील तर मुलांच्या मजकुरात डायमॉर्फससारख्या नावाचा उच्चार सहज होईल असं बघा. जोडाक्षर ओळीच्या शेवटी तुटलं तर मोठ्याने वाचणारा हमखास अडखळतो.

१४. सूर जमला की नाही हे कसं ओळखायचं?

त्या वयाच्या एका माणसाला वाचायला द्या, कागद बाजूला ठेवायला सांगा आणि म्हणा, ‘काय झालं ते मला सांग.’ ‘कळलं का?’ असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. मग प्रश्न ३ मधल्या पाच गोष्टींपैकी किती आल्या ते पाहा.

मुलाने ‘दगड पृथ्वीवर पडणार होता, तो वाचवला’ असं सांगितलं, तर प्रयोगाचं वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचलेलं नाही. किशोराने नुसतं ‘नासाने भारी काम केलं’ म्हटलं, तर तुम्ही कौतुक लिहिलंत, बातमी नाही. आजींनी ‘ते कसलं तरी यान’ म्हटलं तर नावांची गर्दी झाली आहे. आणि आजींनी सगळं बरोबर सांगूनही चेहरा आक्रसलेला असेल, तर सूर चुकला आहे. बहुधा प्रश्न ७ च्या शेवटी सांगितलेला लाडिकपणा कुठेतरी शिरला आहे.

१५. बातमी छापल्यानंतर आकडा बदलला तर तिन्ही मजकूर दुरुस्त करायचे का?

या बातमीत तेच झालं. पुढच्या निरीक्षणांनंतर ३२ मिनिटांऐवजी ३३ मिनिटं हा आकडा पुढे आला. तो आधीच्या दोन मिनिटांच्या मर्यादेतच होता, म्हणजे पहिली बातमी चुकीची नव्हती. मुलांच्या मजकुरात ‘सुमारे अर्धा तास’ आहे, त्याला हात लावायची गरज नाही. आजी-आजोबांच्या मजकुरात ‘सुमारे ३३’ एवढाच बदल पुरतो.

किशोरांच्या मजकुरात मात्र नुसता आकडा बदलून गप्प बसू नका. आधी ३२ होता, जास्त निरीक्षणांनंतर ३३ झाला, असं तारखेसह लिहा. त्याच जागी युरोपच्या हेरा यानाचं एक वाक्य घालता येईल: धडकेनंतर डायमॉर्फस नेमका कसा झाला आहे ते जवळून पाहण्यासाठी हेरा ७ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालं.